'सिम्प', 'क्रिंज', 'ट्रोल': मंगळागौरीच्या रीलखाली आलेल्या शेऱ्यांचा अर्थ कुणी सांगेल का?

पार्लेकर_शशी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्याझाल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाचं इन्स्टाग्राम खातं माझ्या गळ्यात पडलं. आजवर हळदीकुंकवाचे फोटो टाकले, ते आपल्यातल्याच लोकांनी बघितले, कुणाची काही तक्रार नव्हती. गेल्या मंगळवारी मंगळागौरीच्या खेळांचं रील टाकलं. झिम्मा, पिंगा आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी सूप नाचवलं. ते रील पार्ल्याबाहेर कुठे कुठे गेलं देव जाणे, पण खाली अनोळखी पोरांची रांग लागली. काही शेरे जसेच्या तसे देतो:

"क्रिंज 💀"
"काका सिम्पिंग हार्ड 😂"
"W काकू, L एडिटिंग"
"छपरी, सोसायटी एडिशन"

शिवाय फोटो नसलेल्या खात्यावरून एका गृहस्थाने अगदी सभ्यपणे विचारलं, "फक्त विचारतोय, मंगळागौरीमुळे नवऱ्याचं आयुष्य वाढतं याला पुरावा काय?" मी उत्तर दिलं. त्याने पुढचा प्रश्न टाकला. मी परत उत्तर दिलं. रात्री उशिरापर्यंत हेच चाललं होतं. मुलगा म्हणतो, "बाबा, तो ट्रोल आहे, सोडा." पण त्याने एकही वाईट शब्द वापरलेला नाही, मग ट्रोल कसा?

या शिव्या आहेत का? पोलिसांत जायचं का? आणि ऐन श्रावणात सवाष्णींच्या व्हिडिओखाली कवटी कशासाठी? त्या कवटीने बायकांचं डोकं फिरलंय.

नंदू_सर्व्हिस_सेंटर

काका, सिम्प आलं असेल तर आधी *#06# करून आयएमईआय नंबर लिहून ठेवा. आमच्याकडे रोज येतात असे फोन. बहुतेक वेळा सिम नीट बसलेलं नसतं, किंवा नंबर पोर्ट करताना अर्धवट राहिलेलं असतं. दुकानात आणा, बघून देतो.

घाटकोपरचा_विनू

नंदूशेठ, सिम नाही, सिम्प 🙏

काका, मी सांगतो. सिम्प हा शॉर्टफॉर्म आहे, त्याचा लाँगफॉर्म इतका घाणेरडा आहे की इथे लिहिता येणार नाही. क्रिंज म्हणजे घाण. ट्रोल म्हणजे नॉर्वेच्या गोष्टींतला पुलाखाली राहणारा राक्षस, येणाऱ्या-जाणाऱ्याला छळणारा, त्यावरून आलंय. थोडक्यात तिन्ही शिव्याच. आयटी ॲक्टचं कलम ६६अ लावा, दोन दिवसांत सगळे सरळ होतील.

कमेंटराखी

विनू, यातला प्रत्येक मुद्दा खऱ्याच्या जवळून गेला आणि पुढे निघून गेला 😀

काका, मी अंधेरीला एका कंपनीत गेली काही वर्षं लोकांच्या कमेंटी तपासायचंच काम करते. आधी कवटीचं सांगते, म्हणजे काकूंना बरं वाटेल. तो मृत्यूचा शाप नाही, जादूटोणा तर नाहीच. "हसून हसून मेलो" एवढाच त्याचा अर्थ. रडत हसणारा पिवळा चेहरा आता आईवडील वापरतात म्हणून पोरांनी तो सोडला आणि कवटी घेतली. W म्हणजे जिंकलात, L म्हणजे हरलात. म्हणजे काकू पास, एडिटिंग नापास.

आता सिम्प. तो लाँगफॉर्म मागाहून कुणीतरी जुळवलेला आहे. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. इंग्रजीत सिम्पल्टन म्हणजे भोळसट, त्याचं 'सिम्प' हे तुटकं रूप विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरात होतं. पुढे कॅलिफोर्नियातल्या रॅप गाण्यांत बायकांपुढे मऊ पडणाऱ्या पुरुषाला सिम्प म्हणायला लागले. २०१९-२० च्या सुमारास टिकटॉकवरच्या पोरांनी तो उचलला आणि जगभर गेला.

आपल्याकडे तो लाइव्ह स्ट्रीमवर जास्त दिसतो. मुलगी गेम खेळत असते, एखादा बघणारा पैसे पाठवतो, आपलं नाव तिने वाचून दाखवावं म्हणून. नाव वाचलं की परत पाठवतो. बाकीचे बघे त्याला सिम्प म्हणतात. मराठीत म्हणायचं तर गोंडा घोळणारा, तोही समोरून काही मिळणार नाही हे दिसत असताना.

आता सांगा, रीलखाली तुम्ही स्वतः नेमकं काय लिहिलं होतं?

पार्लेकर_शशी

जे लिहिलं तेच देतो: "वा सूनबाई! असं सूप आख्ख्या पार्ल्यात कुणी नाचवत नसेल. 🌹🌹🌹 तुमचा चाहता, काका."

गुलाब कीबोर्डनेच सुचवले. आणि त्यात गैर काय आहे? मी तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखतो. तिच्या सासऱ्यांबरोबर मी रोज सकाळी चालायला जातो.

कमेंटराखी

गैर काहीच नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये हे वाचणाऱ्याला तुम्ही कोण, ती कोण, सगळं ठाऊक आहे. बाहेरच्या पोराला दिसतं ते इतकंच: एक पुरुष, एक तरुण बाई, तीन गुलाब आणि 'चाहता'. त्याच्या डोक्यात साचा तयार आहे, त्यात तुम्ही फिट बसलात. त्याने तुम्हाला उद्देशून लिहिलंही नाही. "काका सिम्पिंग" म्हणतोय, "तुम्ही" म्हणत नाहीये. तो शेजारी उभ्या असलेल्या इतर बघ्यांना कोपर मारतोय.

मला यात खटकतं ते वेगळंच. त्या शब्दाने हसं तुमचं होतं, पण हिशोब तिच्या खात्यातून वजा होतो. सूप नाचवणं म्हणजे मनगट आणि कंबर दोन्हींचं काम. त्याची स्तुती कुणी केली तर ती कामाची स्तुती असूच शकत नाही, त्यामागे पुरुषाला काहीतरी हवंच असणार, असं गृहीत धरून तो शब्द चालतो. ट्विच या गेमिंगच्या स्ट्रीमिंग साइटने २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं होतं की कुणाला हिणवण्यासाठी 'सिम्प' वापरला तर कारवाई होईल. शब्दावर सरसकट बंदी नव्हती हं. मित्रामित्रांत चालेल, कुणाच्या अंगावर फेकायला नाही. त्यावरही पोरं खूप चिडली होती.

रुईयाकर_०५

ताई, एवढं जड नका घेऊ. आमच्या ग्रुपमध्ये एकाने गर्लफ्रेंडची जर्नल्स पूर्ण करून दिली तर तो सिम्प. एकाने तिच्यासाठी दादरला उतरून परत उलट्या दिशेची लोकल पकडली तर तो सिम्प. तो स्वतःच हसतो. हे 'बायकोचा बैल' म्हणण्यासारखं आहे, आणि ते तर तुमच्या पिढीने केलंय. काकांना कुणी शिवी दिलेली नाही, मस्करी केलीये.

आणि क्रिंजबद्दल प्रामाणिकपणे सांगू का? रील शोधून बघितलं. झिम्मा भारी आहे. पण सुरुवातीला पडद्यावरून कमळं पडतात, मग काकांचा भारदस्त आवाज येतो, "सादर करीत आहोत", आणि सुपाच्या वेळी स्लो मोशनमध्ये विजा चमकतात. विजा का??

पार्लेकर_शशी

विजा ॲपमध्ये फुकट होत्या.

माईंचं_स्वयंपाकघर

शशीभाऊ, तुमचं वाचून राहवलं नाही. मी मुळची साताऱ्याकडची, आता कांजूरला मुलाकडे असते. ठेचा, पिठलं, आंबाडीची भाजी असले व्हिडिओ टाकते. बोलताना मी "माझ्या लेकरांनो" म्हणते, कारण मी तशीच बोलते. त्याच्याखाली दर आठवड्याला कुणीतरी "क्रिंज" लिहून जातं. सुरुवातीला मला वाटलं ठेच्याचं नाव घेतायत. नातवाने अर्थ सांगितला तेव्हा वाईट वाटलं. आता तीच आंबाडी वांद्र्याची एखादी मुलगी मातीच्या भांड्यात करते, इंग्रजीत "माय आजीज रेसिपी" म्हणते, तेव्हा तिच्याखाली सगळे बदाम टाकतात. तिथे कुणाला क्रिंज होत नाही. याचं उत्तर द्या कुणीतरी.

कमेंटराखी

माई, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, म्हणून जरा लांब लिहिते.

क्रिंजचा मूळ अर्थ घाण नाही. दुसरा माणूस लाज वाटावी असं काही करतो, त्याला स्वतःला कळत नाही, आणि बघणाऱ्यालाच ओशाळं होतं, कसंनुसं होतं, ती भावना म्हणजे क्रिंज. लग्नात मामा माइक हातात घेऊन उखाण्यांवर उखाणे घेत सुटतात आणि आपण ताटाकडे बघायला लागतो, तसं. ही भावना खरी आहे आणि ती सगळ्यांना होते. म्हणून रुईयाकरला विजा बघून जे झालं ते मी खोटं म्हणणार नाही.

पण आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो २०२० मध्ये, लॉकडाउनात. तेव्हा यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले अशी जुंपली होती. त्या मे महिन्यात टिकटॉकरांची खिल्ली उडवणारा एक यूट्यूब व्हिडिओ अफाट चालला आणि मग यूट्यूबनेच छळाच्या नियमाखाली तो काढून टाकला, त्यावरून आणखी राडा. २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली. टिकटॉकवर लहान गावातली, वस्तीतली, मजुरी करणारी माणसं मोठ्या संख्येने होती. शेतात नाचणारं जोडपं, गॅरेजमधला पोरगा, धुणीभांडी करून आल्यावर गाण्यावर ओठ हलवणारी बाई. 'क्रिंज' त्यांच्यावर शिक्क्यासारखा बसला. मग ती माणसं रील्सवर आली आणि शिक्काही बरोबर आला. तेव्हापासून हा शब्द दोन कामं करतो. एक, खरंच कसंनुसं झालं हे सांगण्याचं. दुसरं, "तुम्ही इथले नाही" हे सांगण्याचं. दुसऱ्या कामासाठी मराठीत पूर्वी 'गावंढळ' होता. 'क्रिंज' म्हणणाऱ्याला निदान असं वाटतं की आपण फक्त आवड सांगतोय.

कोणतं काम चाललंय ते ओळखायला मी बघते की शेरा कशावर बोट ठेवतोय. "L एडिटिंग" हा काकांना मिळालेला सगळ्यात उपयोगी शेरा आहे, कारण एडिटिंग बदलता येतं. "छपरी" बदलता येण्याजोग्या कशाकडेच बोट दाखवत नाही. नुसतं "क्रिंज" असेल तर एकट्या शब्दावरून सांगता येत नाही. मग मी त्या खात्याने इतरत्र काय लिहिलंय ते बघते. श्रीमंत घरातल्या लग्नातल्या तितक्याच हास्यास्पद नाचाखाली तो "क्वीन 🔥" लिहीत असेल आणि माईंच्या ठेच्याखाली "क्रिंज", तर त्याला व्हिडिओ खटकलेला नाही, माई खटकल्यात.

रुईयाकर_०५

हे मान्य. पण मग आम्ही काहीच बोलायचं नाही का? उद्या मी कमळांना क्रिंज म्हटलं तर मी वर्गद्वेष्टा?

कमेंटराखी

कमळांना म्हण. "कमळं काढा" असं म्हण. ते करता येतं.

घाटकोपरचा_विनू

छपरी तर जातिवाचक आहे ना? मी वाचलंय की छप्परबंद समाजावरून आलाय. मग तर थेट ॲट्रॉसिटी.

कमेंटराखी

छप्परबंद समाज आहे, आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा मात्र अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, त्यामुळे तुझी उडी इथेही लांब पडली. शब्द थेट समाजावरून आला की छपराखाली, झोपडीत राहणारा या अर्थाने आला, यावर आमच्या ऑफिसातही एकमत नाही. कुठूनही आला तरी रंगवलेले केस, जुनी बाइक, स्वस्त गॉगल घातलेल्या पोराला तो लावतात, तेव्हा हिणवतात त्याच्या गरिबीलाच. मी तो शेरा उडवते. बाकीचे तीन ठेवले असते.

अवांतर: 'निब्बा-निब्बी' म्हणणाऱ्यांनीही जरा जपून. आपल्याकडे तो शाळकरी प्रेमवीरांसाठी वापरतात, पण तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना दिल्या जाणाऱ्या शिवीतली दोन अक्षरं बदलून झालेला आहे. कुणा परदेशी माणसासमोर कौतुकाने बोलायला जाल आणि पंचाईत होईल.

वेसावकर

मला ट्रोलवर बोलायचंय. विनू म्हणतो राक्षस, पण माझ्या माहितीप्रमाणे तो शब्द मासेमारीतला आहे. आम्ही वर्सोवा कोळीवाड्यातले, ट्रॉलर म्हणजे काय ते आम्हाला विचारा. मोठं जाळं समुद्रात सोडून बोटीने ओढत न्यायचं. येईल ते मिळतं, छोटं-मोठं सगळं. ट्रोलपण तसंच करतात, सगळ्यांना एकदम जाळ्यात घेतात.

कमेंटराखी

वेसावकर दादा, मासेमारी बरोबर, पण बोट दुसरी. तुमचा ट्रॉलर जाळंवाला, त्याचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. हा शब्द गळ टाकून होडी हळूहळू चालवत नेण्याचा आहे. आमिष पाण्यातून पळत राहतं आणि मासा त्याच्यामागे येतो.

वेसावकर

अच्छा, म्हणजे सुरमईला करतात तसं. मग बरोबर. त्यात मासा स्वतःहून तोंड घालतो. जाळ्यात त्याला काही चॉइस नसतो.

कमेंटराखी

दादा, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट नावाचे चर्चागट होते, आपल्या या धाग्यांचे पणजोबा म्हणा. तिथले जुनेजाणते मुद्दाम शंभरदा चघळून झालेला एखादा भाबडा प्रश्न टाकायचे. जुन्यांना कळायचं की ही गंमत आहे, ते गप्प बसायचे. नवा माणूस मात्र कळकळीने लांबलचक उत्तर लिहायचा आणि सगळे हसायचे. याला ते नवख्यांसाठी गळ टाकणं म्हणायचे. राक्षसाचा अर्थ नंतर येऊन चिकटला, कारण दोन्ही शब्द एकच दिसतात.

आपल्याकडे पेपरात "अमुक अभिनेत्री ट्रोल झाली" असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा तिला शेकडो लोकांनी शिव्या दिलेल्या असतात. ती झुंडशाही झाली. मूळचा ट्रोल शिवी देतोच असं नाही. उलट शिवी दिली तर तुम्ही ब्लॉक कराल आणि त्याचा खेळ संपेल. आपल्या भाषेत तो काडी टाकून मजा बघणारा.

शशीकाका, तुमच्या त्या सभ्य गृहस्थाचं संभाषण इथे टाकाल का?

पार्लेकर_शशी

लांब आहे, गाभा देतो.

तो: पुरावा काय?
मी: ही परंपरा आहे, वैद्यकीय दावा नाही. बायका एकत्र येतात, खेळतात, व्यायाम होतो.
तो: म्हणजे पुरावा नाही हे तुम्हाला मान्य आहे?
मी: आयुष्य वाढतं असं आम्ही रीलमध्ये कुठेच म्हटलेलं नाही.
तो: मग पुरुषांनी बायकोसाठी असं व्रत का करू नये? फक्त विचारतोय.
मी: जरूर करावं. (इथे मी आमच्या सोसायटीतल्या पुरुषांनी वाढपाचं काम केलं ते सविस्तर लिहिलं.)
तो: म्हणजे बायकांनी पूजा आणि पुरुषांनी उपकार. इंटरेस्टिंग.
मी: तुम्ही मुद्दाम विपर्यास करताय.
तो: तुम्ही चिडताय का? मी तर सभ्यपणे विचारलं होतं 🙂

कमेंटराखी

शेवटची ओळ बघा. सगळी रात्र तो त्या ओळीसाठी बसला होता.

पहिला प्रश्न खरा असू शकतो. महाराष्ट्रात व्रतवैकल्यांना पुरावा विचारणं नवीन नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नावरून मी कुणाला ट्रोल म्हणत नाही. दुसऱ्यापासून मात्र एक गोष्ट दिसते: तुमच्या उत्तरातल्या एकाही शब्दाला त्याने हात लावलेला नाही. तुम्ही "दावाच केलेला नाही" म्हणालात, खरा शंकेखोर तिथे थांबून म्हणाला असता, "पण आरतीत तसं आहे." हा सरळ पुरुषांच्या व्रतावर गेला. प्रत्येक उत्तराला विषय सरकतो आणि सभ्यपणा तेवढा जागेवर राहतो. या प्रकाराला इंग्रजीत समुद्रसिंहावरून नाव पडलंय. २०१४ च्या एका विनोदी चित्रकथेत एक बाई म्हणते की मला समुद्रसिंह आवडत नाहीत, तर एक समुद्रसिंह पुराव्यांची नम्र मागणी करत थेट तिच्या घरात शिरतो.

एक करून बघा. त्याला एवढंच विचारा, "माझ्या उत्तरातलं कोणतं वाक्य पटलं नाही?" आणि पुढे काही लिहू नका.

विवेकी_दादरकर

मला हे सगळं पटत नाही. मी गेली कित्येक वर्षं गणेशोत्सवात आवाजाच्या पातळीवरून मंडळांना प्रश्न विचारतो. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदचा नियम २००० सालचा आहे, तो सांगितला की पहिलं उत्तर येतं, "हा ट्रोल आहे, इग्नोर करा." मी डेसिबलचं विचारतो तर मला धर्मावर नेतात. म्हणजे विषय सरकवणारे ते, आणि ट्रोल मी! अडचणीचा प्रश्न आला की हा शिक्का मारायची फार सोय झालीये. शशीकाकांच्या गृहस्थाचा तिसरा प्रश्न मला तर रास्त वाटला.

कमेंटराखी

रास्तच आहे. मलाही पुरुषांच्या व्रताचं उत्तर ऐकायला आवडेल 😀 पण विचारणाऱ्याला ते ऐकायचं होतं का, हा माझा मुद्दा आहे. बाकी शिक्क्याचा गैरवापर होतो हे खरं, आणि त्यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. हेतू बाहेरून दिसत नाही, वागणूक दिसते. कामावरही माझी दर महिन्याला एखाद-दोन माणसं चुकीच्या खान्यात जात असतील.

विवेकी_दादरकर

त्या एखाद-दोनांत मी असतो, एवढंच लक्षात ठेवा.

फोर्टातली_वकील

कायद्याचं राहिलं. विनूभाऊ, ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. आणि तो खटला उभा राहायला कारण आपल्याच शेजारचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद पडली होती त्यावर फेसबुकवर एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन तरुण मुलींना अटक झाली होती. "त्रासदायक", "गैरसोयीचा" असल्या ढगळ शब्दांवर कुणालाही उचलता यायचं, म्हणून ते कलम गेलं. शशीकाका, त्याच ढगळ कलमाखाली तुमचा तो "चिडताय का" वाला आत गेला असता, आणि त्याच्या प्रश्नांवर चिडून उत्तर दिलंत म्हणून तुम्हीही.

सिम्प किंवा क्रिंज म्हटल्याबद्दल गुन्हा होत नाही. पण त्या रीलवरून कुणी सूनबाईंना नकार दिल्यावरही परत परत मेसेज करायला लागलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पाठलागाचं. लज्जा उत्पन्न होईल असं काही लिहिलं तर ७९, धमकी असेल तर ३५१. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर करता येते. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, त्यावर "क्रिंज" म्हटल्याची तक्रार करू नका. स्क्रीनशॉट घेताना नुसतं दिसणारं नाव घेऊ नका, त्या प्रोफाइलची लिंकही जपून ठेवा. नाव लोक दोन मिनिटांत बदलतात.

आणि त्यांना काही मेसेज येतायत का, हे त्यांनाच विचारा. रील तुम्ही चालवता, पण चेहरा त्यांचा आहे.

पार्लेकर_शशी

विचारलं. दोन-तीन अनोळखी खात्यांवरून "हाय" आलंय, तिने उत्तर दिलेलं नाही. 'सिम्प' वाचून ती आणि तिचे सासरे दोघेही हसले, पण माझी बायको हसली नाही. तिचं म्हणणं, "चाहता कशाला लिहायचं होतं?" त्यावर आमच्याकडे चर्चा सुरू आहे.

त्या गृहस्थाला राखीताईंनी सांगितलेलं एक वाक्य लिहिलं. उत्तर आलं: "म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही 😂". आता ब्लॉक करू का?

कमेंटराखी

ब्लॉक केलंत की तो त्याचा स्क्रीनशॉट काढून मिरवेल, "काका पळाले" म्हणून, आणि दुसऱ्या खात्यावरून येईल. त्यापेक्षा त्याच्या प्रोफाइलवर जाऊन रिस्ट्रिक्ट करा. मग त्याची कमेंट फक्त त्याला स्वतःला दिसते, तुम्ही मंजूर केल्याशिवाय बाकीच्यांना दिसत नाही. त्याला तशी सूचनाही जात नाही. तो बराच वेळ एकटाच प्रश्न विचारत बसतो.

विवेकी_दादरकर

हे तर ब्लॉकपेक्षा भयंकर आहे. माणूस बोलतोय आणि आपल्याला कुणी ऐकत नाहीये हे त्याला कळतही नाही! माझ्याबरोबर कोणत्या मंडळाने हे केलंय का, आता मला संशय यायला लागलाय.

रुईयाकर_०५

दादरकर काका, सांगाल त्या मंडळाच्या पेजवर मी माझ्या फोनवरून बघून सांगतो तुमची कमेंट दिसते का.

विवेकी_दादरकर

व्यनि केला आहे.

माईंचं_स्वयंपाकघर

त्या सेटिंगमध्ये शब्द गाळायची यादीपण असते ना? माझ्या नातवाने 'क्रिंज' घातलाय, तरी अधूनमधून दिसतोच.

कमेंटराखी

माई, ती यादी स्पेलिंगवर चालते. देवनागरीत घातला असेल तर रोमनमधला सुटतो, आणि रोमनमध्येही पोरं i च्या जागी 1 घालतात. नातवाला सांगा, cringe, cr1nge, krinj अशी रूपं एकेक करून वेगवेगळी घाल. 'छपरी'ची तर chapri, chhapri, chapree अशी बरीच होतील. 'क्रिंज' मात्र मी तुमच्या जागी असते तर गाळला नसता. एखादा "ताई, कॅमेरा हलतोय, क्रिंज" असाही येतो आणि त्यातला कॅमेरा खरंच हलत असतो.

माईंचं_स्वयंपाकघर

कॅमेरा हलतो, कारण तो नातूच धरतो. त्याला दाखवते हे.